पाच जण, चार व्यवहार? तीनही पुरतात

«फ्लॅटमध्ये पाच जण असतील तर हिशोब मिटवायला चार व्यवहार लागतातच. ज्याचं देणं सगळ्यात मोठं, त्याने सगळ्यात मोठं येणं असलेल्याला द्यायचं, असं करत जा. याहून कमी व्यवहारांत मिटणं शक्यच नाही.»

हा मेसेज रूममेट्सच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातलं पहिलंच वाक्य उलटं आहे. चार हा आकडा कमाल आहे, किमान नाही. प्रत्येक व्यवहारात निदान एकाचा हिशोब शून्यावर येतो आणि शेवटच्या व्यवहारात दोघांचा एकदम, म्हणून पाच जणांना चाराहून जास्त लागू नयेत, एवढंच.

आता ती रीत. कांदिवलीतला एक फ्लॅट घेऊ. भाडं प्रत्येक जण मालकाला परस्पर देतो, ते बाजूला. वीजबिल, किराणा, सिलिंडर, वायफाय, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार मिळून महिन्याचे 25,000, म्हणजे माणशी 5,000. संदेशने भरले 9,000, ओंकारने 8,000, निखिलने 2,000, प्रथमेश आणि रोहनने तीन-तीन हजार. म्हणजे संदेशचं येणं 4,000, ओंकारचं 3,000. निखिलचं देणं 3,000, बाकी दोघांचं दोन-दोन हजार.

मेसेजप्रमाणे गेलात तर निखिल संदेशला 3,000 देतो आणि तिथेच घोळ होतो. संदेशचे हजार उरतात. मग प्रथमेश ओंकारला 2,000 देतो आणि उरलेल्या हजार-हजारांसाठी रोहन दोघांना जीपे करत बसतो. झाले चार. त्याऐवजी निखिलने ओंकारला 3,000 द्यावेत, प्रथमेश आणि रोहनने संदेशला दोन-दोन हजार. तिनातच मिटलं.

इथे दोन गट आपापल्यात शून्य होतात: निखिल-ओंकार आणि उरलेले तिघे. असे जास्तीत जास्त जितके गट पाडता येतील, तितके व्यवहार माणसांच्या संख्येतून वजा होतात. पाच वजा दोन, तीन.

«मग सारख्या रकमेची जोडी आधी उडवायची की झालं!» असंही कुणीतरी म्हणणारच. जोडी उडवल्याने नुकसान कधीच होत नाही, पण ते पुरत नाही. सहा जणांत येणं 8, 6, 1 हजार आणि देणं 7, 5, 3 हजार असेल, तर एकही जोडी जुळत नाही. मेसेजची रीत पाच व्यवहार करते. पण 5 आणि 3 मिळून 8 होतात, 6 आणि 1 मिळून 7, म्हणजे चारात भागतं.

असे गट शोधायची झटपट रीत कुणाकडे नाही. सहा जणांसाठी कागदावर बघता येतं. माणसं वाढली की शक्यता प्रत्येक माणसागणिक दुप्पट होतात.

आणि एक सांभाळा: तीन जणांत 1,000 वाटले की 333.33 येतात. अशा पैशांमुळे जुळणारे गट दिसेनासे होतात, म्हणून आधी सगळ्यांचं येणं-देणं पूर्ण रुपयांत आणा, बेरीज शून्य येते का ते बघा आणि मगच गट शोधा.