‘साइटच बाद आहे’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

★★☆☆☆
“अल्बमच्या मोठ्या पानासाठी आयफोनवर काढलेला फोटो कॉम्प्युटरवरून टाकला, तर ‘हा प्रकार चालत नाही’. नाव बदलून .jpg केलं तर ‘फाइल उघडत नाही’. एका वेबसाइटवरून कन्व्हर्ट केला तर ‘फाइल 10 एमबीपेक्षा मोठी’. क्वालिटी कमी करून 3 एमबीवर आणला तरी ‘फोटोची मापं मोठी’! शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून तो टाकला, तर म्हणे ‘छपाईत धूसर येईल’. आधी मोठा, मग लहान. फोटो तोच, फोन नवा कोरा. साइटच बाद आहे.”

नमस्कार. वैताग समजतो, पण फोटो तोच नव्हता. प्रत्येक वेळी आमच्याकडे वेगळी फाइल येत होती आणि फॉर्म त्या त्या फाइलबद्दल बरोबर सांगत होता. असे मेल इतर ग्राहकांकडूनही येतात, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

आयफोन 2017 पासून, म्हणजे आयओएस 11 पासून, फोटो एचईआयसी प्रकारात साठवतो. काही अँड्रॉइड फोनमध्येही कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून हा प्रकार चालू करता येतो. प्रकार चांगलाच आहे: तेवढ्याच दर्जाचा फोटो जेपीईजीच्या साधारण निम्म्या जागेत मावतो. अडचण ब्राउझरची आहे. सफारी एचईआयसी दाखवतो, क्रोम आणि फायरफॉक्स दाखवत नाहीत. आमच्या अल्बममध्ये तुम्ही फोटो पानावर सरकवता, कापता, कुणाचं डोकं कडेला जात नाही ना ते बघता. क्रोममध्ये तिथे नुसती रिकामी चौकट दिसली असती. आम्ही तो मागच्या मागे बदलून छापू शकतो, पण न बघता कापलेला फोटो छापणं आम्हाला पटत नाही, म्हणून जेपीईजीच मागतो.

नाव बदलण्याचा उपाय बहुतेक जण आधी करून बघतात. पण पाटी बदलली म्हणून आतलं घर बदलत नाही. ती .jpg नावाची फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. अगम्य अक्षरांचा ढीग दिसेल, पण अगदी सुरुवातीला ftypheic किंवा ftypmif1 अशी अक्षरं वाचता येतील. ती एचईआयसीची खूण. खरी जेपीईजी फाइल FF D8 FF या तीन बाइट्सनी सुरू होते. आमचा फॉर्म आधी नाव बघतो, मग आतली खूण. त्यामुळे पहिल्या वेळी प्रकाराची सूचना आली आणि दुसऱ्या वेळी फाइल न उघडल्याची. चुकून खराब झालेली फाइल आणि नाव बदललेली फाइल यांत फॉर्मला फरक करता येत नाही.

आता खरा गोंधळ जिथे झाला ते. ‘साइज’ म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो: फाइल डिस्कवर किती जागा घेते ते, म्हणजे एमबी, आणि फोटोत किती पिक्सेल आहेत ते. तुमचा फोटो 48 मेगापिक्सेलवर काढलेला आहे, म्हणजे 8064 बाय 6048 पिक्सेल. एचईआयसीमध्ये तो आटोपशीर होता. जेपीईजी झाल्यावर पिक्सेल तेवढेच राहिले, पण जागा दुपटीहून जास्त लागली, म्हणून 10 एमबीची मर्यादा ओलांडली. मग तुम्ही क्वालिटीची पट्टी डावीकडे सरकवलीत. त्याने एमबी कमी झाले, पिक्सेल मात्र एकही कमी झाला नाही. क्वालिटी उतरवणं म्हणजे प्रत्येक पिक्सेलबद्दलची माहिती ढोबळ करणं. ती 3 एमबीची फाइल पूर्ण मोठी करून आकाशाचा भाग बघा, चौकोनी ठिगळं दिसतील. म्हणजे फोटो बिघडला आणि अडचण जागच्या जागी राहिली.

मापांची मर्यादा आम्ही लांब बाजूला 6000 पिक्सेल ठेवली आहे, त्याचं कारण मेमरी. पडद्यावर दाखवण्यासाठी ब्राउझर फोटो पूर्ण उलगडतो आणि तेव्हा प्रत्येक पिक्सेलला 4 बाइट लागतात. 8064 गुणिले 6048 गुणिले 4 म्हणजे जवळपास 195 एमबी, एका फोटोचे. फाइल डिस्कवर 3 एमबी असो की 13, हा आकडा बदलत नाही. अल्बममध्ये असे 40 फोटो आले की साध्या लॅपटॉपवर टॅब बंद पडतो आणि केलेली मांडणी जाते. तसं झालं असतं तर याहून कडक रिव्ह्यू आला असता, आणि तो रास्तही असता.

सूचना एकदम न येता एकेक करून का येतात, हेही सांगतो. प्रकार चुकीचा असेल तर फाइल उघडतच नाही, आणि उघडल्याशिवाय आम्ही पिक्सेल मोजत नाही. एमबी मात्र न उघडता कळतात. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी प्रकार, मग एमबी, मग मापं.

राहिला व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो. व्हॉट्सअ‍ॅप साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूला सुमारे 1600 पिक्सेलवर आणतं आणि जेपीईजी करून टाकतं. त्यामुळे तीनही चाचण्या तो पार करतो. पण तुम्ही तो 12 बाय 9 इंचाच्या पानावर टाकलात. 1600 भागिले 12 म्हणजे इंचाला 133 पिक्सेल. छपाईत आम्ही इंचाला 300 धरतो. 150च्या खाली गेलं की केस, पापण्या, साडीचं काठाचं काम हे सगळं मऊ पडतं, म्हणून तिथे पिवळी सूचना येते. मोबाइलवर तो छानच दिसेल, कारण मोबाइलचा पडदा केवढासा. हाच फोटो 6 इंची चौकटीत टाकलात तर इंचाला जवळपास 267 पिक्सेल पडतात, तिथे तो खुशाल वापरा, सूचना येणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तो जसाच्या तसा जातो, पण मग पुन्हा एचईआयसीच हातात येतो.

तर तुमच्या पानाला नेमकं काय हवं? 12 इंच गुणिले 300 म्हणजे 3600 आणि 9 गुणिले 300 म्हणजे 2700. फोटोचं प्रमाण 4:3 आहे आणि पानाचंही तेच, म्हणजे काही कापावं लागणार नाही. 3600 बाय 2700चा जेपीईजी, क्वालिटी 90च्या आसपास. फाइल 10 एमबीच्या बरीच आत बसते आणि छपाईत 48 मेगापिक्सेलच्या मूळ फोटोहून वेगळी ओळखू येत नाही.

एक मात्र पाळा: सुरुवात मूळ फोटोपासून करा. त्या 3 एमबीच्या किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या फाइलपासून नको. गेलेला तपशील मापं वाढवून परत येत नाही.

विंडोज 11 असेल तर Photos अ‍ॅपमध्ये फोटो उघडा. एचईआयसी उघडत नसेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून HEIF Image Extensions आणि HEVC Video Extensions घ्यावी लागतात. ते नको असेल तर तुम्ही कन्व्हर्ट केलेली पहिली, मोठी जेपीईजी फाइल घ्या, ती चालेल. वरच्या तीन टिंबांच्या मेनूत Resize image आहे. त्यात Pixels निवडा, रुंदीत 3600 लिहा, उंची आपोआप 2700 होईल. न झाल्यास प्रमाण जपणारी साखळीची खूण सुटलेली आहे, ती लावा. क्वालिटी 90 करा, प्रकार जेपीईजी ठेवा आणि नव्या नावाने जतन करा. मूळ फाइलवर लिहू नका. म्हणजे प्रकार आणि मापं दोन्ही एकाच खिडकीत होतात.

मॅकवर Preview मध्ये Tools मधलं Adjust Size आणि मग File मधलं Export, एवढंच. बरेच फोटो असतील आणि टर्मिनलची भीती नसेल तर प्रत्येकाला ही एक ओळ पुरते:

```
sips -Z 3600 -s format jpeg -s formatOptions 90 IMG_4821.HEIC --out pan12.jpg
```

3600 हा आकडा लांब बाजूला लागू होतो, त्यामुळे उभा फोटोही बरोबर बसतो.

फोनवरच करायचं तर आयफोनच्या Files अ‍ॅपमध्ये फोटो जतन करून त्यावर बोट दाबून धरा. Quick Actions मध्ये Convert Image मिळेल. तिथे जेपीईजी निवडा, पण माप मूळचंच ठेवा. लहान-मध्यम-मोठा हे पर्याय मेल-बिलसाठी आहेत, त्यातला ‘मोठा’सुद्धा 12 इंची पानाला तोकडा पडेल. मूळ मापाचा हा फोटो 6000च्या मर्यादेत बसत नाही, म्हणून रुंदी 3600 करायला Shortcuts अ‍ॅपमध्ये Resize Image आणि Convert Image या दोन क्रिया एकापाठोपाठ जोडा.

फुकट कन्व्हर्टर वेबसाइट मात्र टाळा असंच सांगेन. घरातल्या लोकांचे फोटो अनोळखी सर्व्हरवर चढवायची गरजच नाही. शिवाय काही कन्व्हर्टर फोटोतली दिशेची नोंद पुसतात आणि उभा फोटो आडवा होऊन येतो. रंगांचा प्रोफाइलही काही ठिकाणी गळतो, मग लाल-केशरी रंग फिके दिसले की दोष आमच्या छपाईवर येतो.

पुढच्या वेळेसाठी: आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये Formats खाली Most Compatible केलं की नवे फोटो जेपीईजीच निघतात. मी तरी ते सुचवणार नाही. फोनमधली जागा भराभर संपते आणि जुने फोटो त्याने बदलत नाहीत. त्यापेक्षा Photos च्या सेटिंगमध्ये तळाशी Transfer to Mac or PC आहे, ते Automatic ठेवा. केबलने फोटो कॉम्प्युटरवर घेताना फोनच जेपीईजी करून देतो. विंडोजवर कधी कधी या सेटिंगमुळे कॉपी मध्येच तुटते आणि डिव्हाइस चालत नसल्याचा एरर येतो. तसं झालं तर तेवढ्यापुरतं Keep Originals करा आणि वर दिलेल्या पद्धतीने बदला. किंवा फोनवरच सफारीतून आमची साइट उघडून फोटोंच्या गॅलरीतून थेट निवडा. आमचा फॉर्म जेपीईजी मागतो हे पाहून आयफोन फोटो स्वतःच बदलून पाठवतो. Files मधून निवडलात तर तसं होत नाही. मापं मात्र याने कमी होत नाहीत, ती 48 मेगापिक्सेलला वेगळी करावीच लागतात.

तुमची मांडणी आमच्याकडे जतन आहे, फक्त ते एक पान रिकामं आहे. नवी फाइल टाकून बघा. पुन्हा सूचना आली तर फाइलवर राइट क्लिक करून Properties, मग Details मध्ये Dimensions समोर जे दोन आकडे दिसतात ते आणि सूचनेचे नेमके शब्द, एवढंच ऑर्डरच्या मेलला उत्तर म्हणून पाठवा. फोटो पाठवायची गरज नाही.