मजुरीवर ५०% सूट म्हणे, अरे कुणाला शेंड्या लावताय

डोकं फिरलंय आज. आईच्या जुन्या पाटल्या मोडून तिला एक साधी चेन घ्यायची होती, एवढंच काम, आणि त्यात अख्खा शनिवार गेला. दुकानाच्या दारावर हा एवढा मोठा बोर्ड, 'मजुरीवर ५०% सूट', आणि आई म्हणाली चल इथेच बघू.

चेन आवडली. १५ ग्रॅम, मशीनची, बारीक कड्यांची, नक्षी वगैरे काही नाही. २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १० हजारांच्या आसपास होता, हिशोबाला सोपं म्हणून १० हजारच धरते. म्हणजे सोनं झालं दीड लाखाचं. इथपर्यंत ठीक. मग त्या पोराने कॅल्क्युलेटर असा स्वतःकडे वळवून धरला आणि टकाटक बटणं दाबून एकदम शेवटचा आकडा दाखवला, १,७९,५२०. मी म्हटलं दादा मधलं काय ते सांगा ना. तर म्हणे मॅडम सगळं धरून आहे.

सगळं धरून म्हणजे काय धरून? दहा वेळा विचारल्यावर कागदावर लिहून दिलं. मजुरी मुळात २४%, सूट देऊन १२%, म्हणजे १८ हजार. बरं. त्याखाली 'घट ४%', ६ हजार. तिच्यावर सूट नाही. मग या सगळ्यावर, म्हणजे मजुरी आणि घटीवरसुद्धा, ३% जीएसटी, ५,२२०. आणि हॉलमार्कचे ३०० रुपये. अहो हॉलमार्कचा दर २०२२ साली डागाला ४५ रुपये ठरलाय, वर १८% जीएसटी, झाले ५३ रुपये १० पैसे, ३०० कुठून आणले? तर म्हणे 'आमच्या सिस्टीमलाच तसं आहे'.

आणि ही घट म्हणजे काय ते मला एकदा कुणीतरी समजवाच. पूर्वी सोनार हाताने डाग घडवायचा, घासताना कापताना कण उडायचे, सोनं थोडं कमी भरायचं, त्याचा तो हिशोब. तेव्हासुद्धा ते कण कुणी टाकून देत नव्हतं हां, सराफ कट्ट्यावर गटारातली माती चाळून सोनं काढणारे झारेकरी काय उगाच बसतात का? आणि इथे तर मशीनची चेन. मशीनमधून उरलेलं सोनं परत वितळवून परत मशीनमध्येच जातं, मग माझ्याकडून ६ हजार कशाचे?

खरी गंमत तर पुढे आहे. आईच्या पाटल्या काट्यावर २० ग्रॅम भरल्या. आतमध्ये लाख नाही, निव्वळ सोनं, त्यांनी मशीनवर तपासून २२ कॅरेट आहे हे कबूलही केलं. तरी २% घट वजा, १९.६०० धरले. म्हणजे आम्ही विकताना घट वजा आणि आम्ही घेताना घट जमा. नाण्याच्या दोन्ही बाजू तुमच्याच का रे? त्या २% चे चार हजार झाले.

पण माझा सगळ्यात जास्त संताप मजुरी टक्क्यात लावण्यावर आहे. भाव ग्रॅमला ५ हजार होता तेव्हा याच चेनला १२% ने मजुरी झाली असती ९ हजार. आज १८ हजार. चेन तीच, मशीन तेच, कड्या तेवढ्याच, कारागिराचा पगार काय दुप्पट झाला का? सोनं महागलं की आपोआप मजुरी पण महाग, आणि हे लोक बसल्या जागी खूश. मी म्हटलं ग्रॅममागे इतके रुपये असा ठरावीक भाव सांगा. तर असं बघितलं माझ्याकडे जसं काही मी भाजीत कोथिंबीर फुकट मागितली. आणि मोडताना त्या मजुरीचा एक रुपया परत मिळत नाही, फक्त सोन्याचा भाव मिळतो. म्हणजे उद्या भाव हाच राहिला आणि ही चेन परत विकली तर जवळपास ३० हजार हवेत, त्यांची २% कापाकापी वेगळीच.

तरी आई म्हणत होती घेऊन टाकू गं, उभं राहून पाय दुखले. मी म्हटलं आधी हॉलमार्क बघू. भिंग मागितलं तर 'ते आत आहे'. अहो ते काउंटरवरच पाहिजे, गिऱ्हाईकाला दाखवायला. शेवटी आलं. हुकाजवळच्या बारीक पट्टीवर बीआयएसचं तिकोनी चिन्ह, 22K916, आणि सहा अक्षरांचा एचयूआयडी. ९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. हे दोन शिक्के कुणीही उमटवेल, खरं ते त्या सहा अक्षरांत असतं, कारण ती प्रत्येक डागाला वेगळी असतात. बांगड्यांची जोडी घेतली तर दोन्हींवर वेगवेगळी हवीत. (आणि 'केडीएम आहे' म्हणून अजूनही सांगणाऱ्या मावश्यांनो, केडीएम म्हणजे डाक द्यायला वापरायचे ते कॅडमियम, त्याच्यावरून सोनं किती कॅरेटचं हे अजिबात कळत नाही.)

बीआयएस केअर ॲपमध्ये Verify HUID वर जाऊन ती सहा अक्षरं टाकली. आलं काय? २२ कॅरेट, बरोबर. वस्तू: अंगठी. अंगठी! हातात चेन आणि ॲपवर अंगठी. त्या पोराला दाखवलं तर म्हणे 'मॅडम टॅग बदलला असेल'. अरे पण नंबर टॅगवर नाहीये, तुझ्या चेनवर लेझरने कोरलाय, चेनच बदलली का मग? तेवढ्यात मालक आले, गोड बोलून म्हणाले ताई, बिल नको असेल तर जीएसटी सोडतो, पाच हजार वाचतील. म्हणजे उद्या सोनं कमी कॅरेटचं निघालं तर मी काय दाखवू, तुमचं हसू? नियमाप्रमाणे शुद्धता कमी निघाली तर फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळतो, पण घेतलं कुठून हे सांगायला बिल तर हवं ना.

उठलो. त्यांनी मागवलेला चहा तसाच राहिला.

चार दुकानं सोडून एक जुनं दुकान, बोर्ड नाही, एसी नाही. जवळपास तशीच चेन, तेवढंच वजन. मजुरी ९%, घट नाही. १३,५०० मजुरी, जीएसटी ४,९०५, हॉलमार्कचे ५३ रुपये १० पैसे वेगळ्या ओळीत लिहिलेले. एकूण १,६८,४५८. अकरा हजार कमी! ॲपवर नंबर टाकला, वस्तूच्या जागी चेनच आली. पाटल्यांना पण पूर्ण २० ग्रॅमचा भाव दिला. मजुरी इथेही टक्क्यातच होती म्हणा, तेवढं मी दात खाऊन सोडून दिलं. बिलावर निव्वळ वजन, कॅरेट, भाव, सगळं वेगवेगळं लिहून घेतलं.

घरी येऊन भावाला फोटो पाठवला, तर त्याचा रिप्लाय, 'अगं पण त्या मोठ्या दुकानात ५०% सूट होती ना?'