क्लोनाझेपाम म्हणाले होते सर, क्लोबाझाम नाही!

ज्याने कोणी हे बोलून टाइप करायचं सॉफ्टवेअर आमच्या ओपीडीत आणून बसवलं, त्याला एकदा सोमवारी दुपारी माझ्या खुर्चीत बसवायचंय. पंखा गरगरतोय, बाहेर बाकड्यावर अक्कलकोट-मोहोळची माणसं दाटीवाटीने बसलीत, आत सर नोट सांगतायत आणि स्क्रीनवर भलतंच उमटतंय. मग ते सगळं दुरुस्त कोणी करायचं? मी. आधी सर सांगायचे आणि मी टाइप करायचे. आता मशीन टाइप करतं आणि मी त्याच्यामागे झाडू घेऊन फिरते. याला म्हणे वेळ वाचवणं म्हणतात. का बे, कुणाचा वेळ?

नुसतं चिडून काय चुकतं ते कळत नाही, म्हणून एका नोटचंच सांगते. बाई साठीच्या आसपासच्या. झोप लागत नाही, रात्री छातीत धडधड, जिवाला घोर. थायरॉइडची गोळी आधीपासून चालू. सरांनी सांगितलं ते असं: क्लोनाझेपाम पॉइंट फाइव्ह, झीरो झीरो वन, फिफ्टीन डेज. थायरॉक्सिन फिफ्टी मायक्रोग्रॅम, वन झीरो झीरो, उपाशीपोटी. आणि मधेच बाईंकडे वळून कन्नडमध्ये म्हणाले, "रात्री ओंदु." म्हणजे रात्री एक. स्क्रीनवर आलं हे:

```
Tab clobazam 5 mg 001 15 days
Tab Ondem ratri
Tab thyroxine 50 mg 100
```

तीन ओळी, आणि तिन्ही चुकलेल्या. पण तिन्हींची जात वेगळी, आणि माझा संताप नेमका तिथेच आहे.

ओंडेमचं बघा. बाईंना ना उलटी, ना मळमळ, आणि कागदावर उलटीची गोळी! कन्नडमधला "ओंदु" मशीनच्या कानाला औषध वाटला. सोलापुरात डॉक्टर एका वाक्यात मराठी, कन्नड, तेलुगू आणि इंग्रजी बोलतात. कुणी पद्मशाली आजी आली की तेलुगू, इंडीकडचं कुणी आलं की कन्नड. हे मशीन विकणाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं बहुतेक. त्यावर त्यांच्या माणसाने काय शहाणपणा केला? औषधं नीट ओळखता यावीत म्हणून बाजारातल्या ब्रँडची अख्खी यादी मशीनच्या शब्दकोशात ओतली. त्यामुळे मशीन आता प्रत्येक आवाजात औषधच शोधतं. यादीत घातलेल्या शब्दाकडे ते झुकणारच, त्याला तसंच सांगितलंय ना. यादी हवी ती आमच्या ओपीडीत रोज लिहिली जाणारी, शे-दीडशे नावांची. दुकानातला अख्खा माल त्यात भरायचा नाही. हे मी सांगितलं तर म्हणतो, "मॅडम, शिकेल ते हळूहळू." शिकेल! तोवर पेशंटने काय करायचं?

तरी ओंडेम मला पहिल्या नजरेत दिसला. वेडीवाकडी चूक लगेच डोळ्यात भरते. जीव घाबरतो तो पहिल्या ओळीने.

क्लोनाझेपामचं क्लोबाझाम झालं आणि ०.५ चं ५ झालं. यातली एकच चूक झाली असती तर कुणीतरी थांबलंच असतं. क्लोनाझेपाम ५ मिलिग्रॅम लिहिलं असतं तर मेडिकलवाल्याने कागद परत पाठवला असता, कारण त्याच्याकडे गोळ्या असतात पाव, अर्धा, एक आणि दोन मिलिग्रॅमच्या. पाच येते कुठे? क्लोबाझाम ०.५ लिहिलं असतं तरी तो अडलाच असता. पण दोन्ही चुका एकदम झाल्या आणि एकमेकींना झाकून गेल्या. क्लोबाझाम ५ ही बाजारात मिळणारी अगदी सरळ गोळी आहे. रात्री एक, पंधरा दिवस, सगळं कसं शोभून दिसतंय. कागदावर कुठे खरचटलेलं नाही. फक्त औषध दुसरं. क्लोबाझाम मुख्यतः फिटच्या आजारात देतात. या बाईंना आयुष्यात कधी फिट आलेली नाही.

असं का होतं तेही आता मला कळायला लागलंय. दोन्ही नावं "क्लो"ने सुरू होतात, शेवट एकसारखा, आणि सर मधलं "नाझे" गिळतात. दिवसभर बोलून घसा बसलेला माणूस प्रत्येक अक्षर फोडून थोडंच बोलणार? त्यात "झेपाम" संपता संपता "पॉइंट" येतो. "पाम पॉइं..." असं ते चिकटून जातं, आणि मशीन त्यातला "पॉइंट" खाऊन टाकतं. एक इवलासा दशांश गेला की डोस दहापट! मशीन नुसतं ऐकत नाही, अंदाजही बांधतं. ऐकलेलं अर्धवट असेल तर कोणता शब्द जास्त शोभेल ते ठरवून मोकळं होतं. म्हणून त्याची चूक चुकीसारखी दिसत नाही. माणूस अडखळला तर रेघ तरी सोडतो, हे बेटं रेघ सोडतच नाही.

वर त्या रंगाचं नाटक. ज्या शब्दाची मशीनला खात्री नाही तो पिवळा दिसतो, म्हणजे म्हणे तेवढेच तपासा. त्या नोटमध्ये पिवळं काय होतं माहितीये? बाईंच्या गावाचं नाव! क्लोबाझाम आणि ५ दोन्ही पांढरेशुभ्र. मशीनला पक्की खात्री होती. पिवळ्यावर विसंबून सही करणाऱ्या डॉक्टरांना माझा कोपरापासून नमस्कार.

थायरॉक्सिनच्या ओळीतलं mg बघून मी हसले, कारण ५० मिलिग्रॅमची गोळी कुठे मिळतच नाही. मायक्रोग्रॅमचं मिलिग्रॅम म्हणजे हजारपट, दुकानदार ते मनातल्या मनात दुरुस्त करतो. पण त्या ओळीतला शेवटचा आकडा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. "वन झीरो झीरो", म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री नाही. मशीनने आकडे एकत्र करून शंभर केले. आता ५० च्या पुढे शंभर दिसलं की वाचणाऱ्याला काय वाटेल? थायरॉक्सिनची १०० मायक्रोग्रॅमची गोळी मिळते हो! डोस वाढवला असं समजून कुणी ती बाटली दिली तर? तीच गत वन झीरो वनची. त्याचं एकशे एक होतं. बोललेल्या आकड्यांना नीटनेटकं लिहायची जी सोय मशीनमध्ये आहे, ती तारखांना आणि पैशांना ठीक आहे. डोसच्या जागी तिने घात होतो. ती तेवढ्यापुरती बंद करता येते का, असं विचारलं. "रिक्वेस्ट टाकलीय" असं उत्तर आलं.

मग मी काय करते? पहिलं म्हणजे वाचून दुरुस्त करत नाही, ऐकून करते. औषधाच्या प्रत्येक ओळीचा आवाज परत लावते. वाचताना डोळा मशीनच्या बाजूने होतो, "क्लोबाझाम ५" बरोबरच वाटतं. ऐकताना "नाझे" कुठेतरी पुसट का होईना सापडतं. मग औषध आणि आजार जोडीने बघते: फिट नाही तर क्लोबाझाम कशाला, उलटी नाही तर ओंडेम कशाला. मग मागच्या वेळचा कागद. बाईंच्या मागच्या कागदावर थायरॉक्सिन पन्नास होतं, आणि आज रिपोर्ट बघून सरांनी "तेच चालू ठेवा" म्हटल्याचं आवाजात आहे. आणि इतकं करूनही कळलं नाही तर अंदाज करत नाही. उठते, आत जाते, विचारते. सर वैतागतात. वैतागू देत. सही त्यांची आहे.

लिहितानाही माझे हट्ट आहेत. दशांशाच्या आधी शून्य हवंच, 0.5, नुसतं .5 नाही. पूर्ण आकड्यापुढे शून्य कधीच नाही, 5.0 मधला ठिपका पुसट झाला की पन्नास होतात. मायक्रोग्रॅम अक्षरात पूर्ण. वेळा 1-0-0 अशा, मधे रेघ देऊन, आणि पुढे "सकाळी उपाशीपोटी" असं मराठीत. सरकारी नियमांत २०१६ पासून आहे की औषध जेनेरिक नावाने, वाचता येईल असं आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं. मशीनची अक्षरं अगदी सुवाच्य. चुकीचं औषधही सुवाच्य!

एका हुशाराने मला उपाय सुचवला: क्लोबाझाम दिसलं की आपोआप क्लोनाझेपाम होऊ दे. अहो, आणि आमच्याकडे फिटची जी पोरं येतात, ज्यांना खरंच क्लोबाझाम चालू आहे, त्यांचं काय करायचं? एका बाईची नोट सुधारायला दुसऱ्याच्या पोराचं औषध बदलायचं? असल्या आपोआपच्या दुरुस्त्या औषधाच्या नावांना लावायच्याच नसतात.

सरांना मी एक सांगून बघितलं, आणि त्याने थोडा फरक पडलाय. फिफ्टीन आणि फिफ्टी मशीनला सारखेच ऐकू येतात, पण पंधरा आणि पन्नास कुठल्याच जन्मात सारखे ऐकू येत नाहीत. म्हणून आकडा मराठीत म्हणा. मात्र साठ आणि सात तितकेच घातकी, तिथे "सहा शून्य" असं फोडून म्हणा. आणि पॉइंट फाइव्हच्या आधी "झीरो" म्हणा, म्हणजे पॉइंटला टेकायला जागा मिळते. सर दहा वाजता हे सगळं पाळतात. दीडला गर्दी वाढली की परत "पामपॉइंफाय".

आणि कंपनीचा माणूस मोबाइलवर आलेख दाखवतो, शंभरातले पंच्याण्णव शब्द बरोबर म्हणे. हिशेब करा की राव. चाळीस शब्दांच्या नोटमध्ये दोन चुकले तर पंच्याण्णव टक्केच होतात. ते दोन शब्द "पेशंट" आणि "आहे" असले काय, की औषध आणि डोस असले काय, त्याच्या आलेखाला काही फरक पडत नाही. मला तर औषधांच्या ओळी किती बरोबर आल्या ते वेगळं मोजून हवंय. ते तो मोजत नाही.

आता नवीन टूम काढलीय. जागा वाचवायला आवाजाच्या फायली दुसऱ्या दिवशी आपोआप पुसायच्या! म्हणजे पेशंट तिसऱ्या दिवशी मंगळवेढ्याहून फोन करून "ही गोळी कशाची?" विचारेल तेव्हा माझ्याकडे काय असणार? मशीनने लिहिलेलं, पांढरंशुभ्र, सुवाच्य. पुढच्या तपासणीपर्यंत तरी फायली ठेवा असं ऑफिसला लेखी दिलंय, एक प्रत सरांच्या सहीची. उत्तर आलेलं नाही, पण बिल मात्र वेळेवर आलंय.