‘आधी भौतिकशास्त्र वाचा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

माझा लेख लिथोफेनवर होता, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार प्लास्टिकच्या जाडीत उतरवून थ्रीडी प्रिंटरने छापलेली पाटी, मागे दिवा धरला की तिच्यात फोटो दिसतो. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया: «लेख वाचला. जाडी सरळ रेषेत बदलणं साफ चूक आहे. प्रकाश प्लास्टिकमधून जाताना घातांकी कमी होतो, त्यामुळे लॉगच घ्यायला हवा. आधी भौतिकशास्त्र वाचा, मग लोकांना शिकवा. शिवाय लिथोफेन उभं छापायचा अट्टाहास कशाला, आडवं ठेवलं की लवकर होतं. आणि सेटिंगचा फोटो मोबाइलवर दिसतच नाही.»

शेवटच्यापासून सुरू करतो कारण तिथे तुमचं बरोबर आहे, सेटिंगचा फोटो खरंच बारीक होता, आता मोठा लावलाय, बघा.

आता ‘आधी भौतिकशास्त्र वाचा, मग लोकांना शिकवा’. अहो, मुद्दा मांडायचा तर मांडा ना, कोण नको म्हणतंय, पण हे वाक्य मुद्द्यासाठी नव्हतं, माझा कान धरायला होतं. वडिलांचा साताऱ्यात फोटो स्टुडिओ होता आणि मी शाळेत असल्यापासून डार्करूममध्ये कागदाच्या पट्ट्या काढल्यात, एकाच कागदावर थोडं थोडं झाकत वाढत्या वेळाचं एक्सपोजर द्यायचं आणि कुठल्या घराला काळं बरोबर येतंय ते बघायचं. प्रकाश आणि काळेपणा यांचं नातं सरळ रेषेचं नसतं हे मला तिथे हाताने कळलंय, पुस्तक नंतर वाचलं. तेव्हा लॉग काय असतो हे निदान मला तरी शिकवू नका.

तुमच्या एका वाक्यात जे राहिलंय ते असं. फोटोच्या फाइलमध्ये जो पिक्सेलचा आकडा असतो, ० ते २५५, तो प्रकाशाचं माप नसतोच. त्यावर गॅमा चढवलेला असतो. १२८ म्हणजे निम्मा प्रकाश असं वाटतं, पण प्रत्यक्षात तो पांढऱ्याच्या साधारण २१.६ टक्के प्रकाश असतो. म्हणजे फाइल आधीच वाकवलेली आहे, डोळ्याला उजेड जसा दिसतो त्याच्या जवळ नेलेली. तुम्ही त्याच आकड्याचा थेट लॉग घ्या म्हणताय.

लेखातलं उदाहरणच घेऊ, एका मैत्रिणीच्या आजीचा फोटो, काळे केस, मागे अंधारी भिंत, चेहऱ्यावर खिडकीचा उजेड. कमीत कमी जाडी ०.६ मिमी, जास्तीत जास्त ३. लेखातलं सूत्र हे होतं, t म्हणजे मिमीत जाडी आणि p म्हणजे पिक्सेलचा आकडा:

```
t = 0.6 + (1 - p/255) * 2.4
```

माझ्याकडच्या पांढऱ्या पीएलए फिलामेंटचं, म्हणजे प्रिंटरला लावायच्या प्लास्टिकच्या तारेचं, मी आधी मोजलं होतं, ०.६ मिमीतून जेवढा उजेड येतो त्याच्या साधारण विसावा भाग ३ मिमीतून येतो. तुमच्या नियमाने बघितलं तर दर मिलिमीटरला घातांकातली घट १.२५ धरावी लागते. गालावरच्या मधल्या राखाडीचा पिक्सेल १२८. माझ्या सूत्राने जाडी येते १.८ मिमी. गॅमा उतरवून, म्हणजे खरा २१.६ टक्के प्रकाश धरून, तुमचा लॉग नीट लावला तर येते १.८३. बघा, तीन शतांश मिलिमीटरचा फरक! आता तुम्ही म्हणता तसा १२८ चा थेट लॉग घ्या, जाडी १.१५ येते, त्यातून २१.६ च्या जागी ५० टक्के प्रकाश येणार आणि आजीचा गाल पांढराफटक. हे भौतिकशास्त्र वाचूनच झालंय म्हणायचं.

उजळ बाजूलाही तसंच, १९२ पिक्सेलला माझी जाडी १.१९, नीट काढलेल्या लॉगची १.११, एवढा फरक दिव्यासमोर धरल्यावर कुणाला दिसत असेल तर त्याने मला जरूर दाखवावा.

खरी फारकत होते ती सावलीत, आणि तेवढं तुमच्या बाजूने जातं हे मीच सांगतो, तुम्ही सांगितलेलं नाही. ६४ पिक्सेलला माझी जाडी २.४, लॉगची २.९८. म्हणजे माझ्या लिथोफेनमध्ये सावली हवी त्याच्या दुप्पट उजळ येते. बरोबर. पण मग त्याच्या खालचं काय? लॉगवाली पट्टी ६४ लाच जवळपास ३ मिमीला टेकते, त्याखालचे सगळे पिक्सेल ३ वरच कापले जातात, आणि आजीचे केस, अंबाड्याची गुंडाळी, मानेमागची भिंत हे सगळं एकच काळा गोळा होतं. माझ्या सूत्रात ६४ ला २.४ आणि ३० ला २.७२, म्हणजे केसांच्या बटा वेगळ्या दिसायला जागा उरते. अंधार थोडा कमी अंधारा झाला तर चालतो, केस गेलेले चालत नाहीत. मैत्रिणीने सगळ्यात आधी अंबाडाच बघितला.

जाड करून काळं मिळवू म्हणाल तर ४ मिमी करा, बारीक रेषा तेवढ्या पसरतात. पांढऱ्या फिलामेंटमध्ये प्रकाश शोषला कमी जातो आणि विखुरला जास्त जातो, त्यामुळे जाड भागाशेजारी पातळ भाग असला की उजेड बाजूने शिरतो आणि कडा धूसर होते. हाच विखुरणारा प्रकाश तुमच्या घातांकी नियमालाही पातळ बाजूला नीट बसू देत नाही, तो नियम मुळात शोषणाचा आहे. पण ते राहू दे, तुम्हाला राग येईल.

उभं-आडवं यावर एवढंच, ०.२ च्या थरांनी आडवं छापलं की २.४ मिमीत बारा पायऱ्या मिळतात, म्हणजे गालावर नकाशातल्या समोच्च रेषा. उभं ठेवलं की जाडी नोझलच्या आडव्या हालचालीवर ठरते आणि ती कितीतरी बारीक असते. वेळ लागतो, लागू दे. आतला भरणा शंभर टक्के ठेवा, नाहीतर चेहऱ्यामागे जाळी दिसते, हे लेखात लिहिलंय, पण तिथपर्यंत तुम्ही आला नसाल.

वाद मोजमापानेच मिटवायचा तर सोपं आहे. स्वतःच्या फिलामेंटची ०.६ पासून ३ पर्यंत ०.४ च्या पायऱ्यांची पट्टी छापा, त्याच स्पीडने, आतून भरीव, उभी. एकाच दिव्यासमोर अंधाऱ्या खोलीत धरा, कॅमेऱ्याचा आयएसओ आणि शटर हाताने लॉक करा, ऑटो ठेवलं तर प्रत्येक फोटोत फोन आपली अक्कल चालवणार. आणि फोटो रॉमध्ये घ्या, जेपीईजीमध्ये नको, कारण जेपीईजीतही तोच गॅमा बसलेला असतो आणि मग परत तीच चूक कराल. प्रत्येक पायरीचा आकडा काढून त्याचा लॉग जाडीसमोर मांडा. रेष सरळ आली तर तुमचा नियम तुमच्या फिलामेंटला लागू, पातळ टोकाला वाकली तर नाही. दुसऱ्या कंपनीचं रीळ लावलं की परत मोजायचं, कारण पांढरा रंग किती घातलाय ते प्रत्येकाचं वेगळं.

पट्टीचे आकडे आले की इथेच टाका, फिलामेंटच्या नावासकट. सावलीसाठी ६४ च्या खाली वेगळा उतार देऊन बघायचं माझ्याही डोक्यात आहे, तुमचे आकडे चांगले असले तर ते वापरून करीन आणि श्रेय देईन. पण पुढची प्रतिक्रिया लिहिताना ते ‘आधी वाचा’ गाळा, तेवढं पुष्कळ झालं.