‘गैरवापराचा पुरावा आढळलेला नाही’ हे वाक्य आधी काढा

ग्राहकांच्या खात्यांची माहिती फुटली की कंपनीकडून जी सूचना येते, तिच्यात एक वाक्य हमखास असतं: ‘माहितीचा गैरवापर झाल्याचा कोणताही पुरावा आम्हाला आढळलेला नाही.’ हे वाक्य खोटं असतं असं नाही, पण त्यातून लोकांना नको तो दिलासा मिळतो. म्हणून माझ्या मते ते काढूनच टाकावं.

पुरावा शोधायचा कुठे, तर सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे कोणी कधी काय उघडलं याच्या नोंदींमध्ये. समजा, बॅकअपची एक फाइल मार्चपासून क्लाउडवर उघडी पडली होती, ते कंपनीला ११ जूनला कळलं आणि लॉग फक्त ३० दिवसांचे ठेवले जातात. म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये ती फाइल कोणी उतरवून घेतली का, हे तपासायची सोयच उरलेली नाही. आणि ईमेल पत्ते एकदा बाहेर गेले की त्यांचा वापर दुसरीकडे कुठेतरी होतो. तो या लॉगमध्ये कसा दिसणार?

अशा वेळी मी असं लिहीन: ‘आमच्याकडे १२ मेपासूनच्या नोंदी आहेत. त्यांत ही फाइल बाहेरच्या कोणी उतरवल्याचं दिसत नाही. त्याआधीच्या नोंदी आमच्याकडे नाहीत, त्यामुळे तुमची माहिती बाहेर गेली आहे असं धरूनच चाला.’ याने कोणी घाबरत नाही. आपण कुठे उभे आहोत हे कळल्यावर माणूस शांतपणे कामाला लागतो. घबराट होते ती आधी निश्चिंत करून नंतर बातमी बदलल्यावर. लोकांचे पासवर्ड सांभाळणाऱ्या लास्टपास या कंपनीचं उदाहरण समोर आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी ग्राहकांच्या माहितीला हात लागल्याचा पुरावा नाही म्हणून सांगितलं. पहिल्या घुसखोरीत चोरलेल्या माहितीच्या आधारे चोर पुढे सरकला, आणि डिसेंबरमध्ये ग्राहकांच्या पासवर्ड-तिजोऱ्यांच्या बॅकअपची प्रत गेल्याचं त्यांना जाहीर करावं लागलं.

आता आपल्या उदाहरणातल्या फाइलमधल्या पासवर्डचं बघू. ‘पासवर्ड एन्क्रिप्टेड असल्याने सुरक्षित आहेत’ एवढं लिहून बरेच जण मोकळे होतात. बहुतेक ठिकाणी पासवर्डचा हॅश, म्हणजे पासवर्डपासून गणिताने बनवलेली एक खूण, साठवलेला असतो. हॅशवरून मूळ पासवर्ड थेट काढता येत नाही, पण अंदाज करून पडताळता येतो. हॅश जुन्या एमडी५ पद्धतीचा असेल तर साधं ग्राफिक्स कार्डही सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासतं. बीक्रिप्ट ही हॅशची पद्धत मुद्दाम संथ केलेली असल्यामुळे तिथे हा वेग प्रचंड घटतो, तरी ‘123456’सारखा पासवर्ड तिथेही पटकन सापडतो. ग्राहकाला हे सगळं सांगत बसायची गरज नाही. त्याला एवढंच सांगा: ‘तुमचा पासवर्ड जसाच्या तसा गेलेला नाही, पण तो सोपा असेल तर ओळखता येऊ शकतो. आम्ही सगळ्यांना लॉगआउट केलं आहे आणि जुना पासवर्ड बंद केला आहे. तोच पासवर्ड इतर कुठे वापरत असाल, तर तिथला आज बदला. ईमेलचा सर्वांत आधी.’ ईमेल आधी, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड रीसेट करायच्या लिंक तिथेच येतात. चोर हाती आलेली ईमेल आणि पासवर्डची जोडी दुसऱ्या साइटवर लावून बघतोच, त्यामुळे अख्ख्या सूचनेत ग्राहकाच्या खऱ्या उपयोगाचं वाक्य हेच. ते पहिल्या परिच्छेदात हवं. अनेकदा ते ‘तुमची सुरक्षा आमच्यासाठी सर्वोच्च आहे’च्या खाली चौथ्या परिच्छेदात सापडतं, याचा मला मनापासून राग येतो.

आणि कृपा करून त्या ईमेलमध्ये लॉगिनची लिंक देऊ नका. फुटीची बातमी पसरली की हुबेहूब तसाच दिसणारा खोटा ईमेल येतो, आणि चोराकडे ग्राहकाचं नाव नि मोबाइल नंबर असल्याने तो खराच वाटतो. ‘नेहमीचं ॲप उघडा, सेटिंग्जमध्ये जाऊन पासवर्ड बदला’ असं लिहा, आणि हीच सूचना ॲपमध्ये व मूळ वेबसाइटवरही ठेवा, म्हणजे पडताळून बघता येईल. २०१७ मध्ये इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीने आपल्याकडच्या फुटीच्या माहितीसाठी equifaxsecurity2017.com ही वेगळीच साइट काढली. एका अभ्यासकाने धोका दाखवायला शब्द उलटसुलट करून securityequifax2017.com ही नकली साइट उभी केली, तर कंपनीच्या अधिकृत ट्विटर खात्यावरूनच लोकांना तिचा पत्ता दिला गेला. कंपनीच्याच माणसांना ओळखू आली नाही, तर ग्राहकाला कशी येणार?

राहिलेला तपास कधीपर्यंत संपेल, याची तारीख द्या आणि त्या दिवशी दुसरी सूचना पाठवाच, नवीन काही सापडलेलं नसलं तरी. पहिल्या सूचनेतली एखादी गोष्ट चुकीची निघाली, तर दुसरीची सुरुवात तिथूनच करा: आधी काय सांगितलं होतं, आता काय कळलंय आणि त्यामुळे ग्राहकाने वेगळं काय करायचंय.