सल्फेटचा वायू कोणी पाहिला आहे?

“मोरचुदाच्या द्रावणातून वीज सोडली की तांबे ऋणाग्रावर बसते आणि सल्फेट धनाग्रावर जाऊन वायुरूपात निघून जाते. म्हणूनच द्रावणाचा निळा रंग नाहीसा होतो. पाण्याचे तर त्याहून सोपे आहे. चिमूटभर मीठ टाका, ऋणाग्रावर हायड्रोजन आणि धनाग्रावर ऑक्सिजन तयार!”

यातला तांब्याचा भाग बरोबर आहे. ऋणाग्रापाशी आलेला तांब्याचा आयन दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि धातू होऊन तिथेच बसतो. पाण्यातून हायड्रोजन सुटण्यापेक्षा हे सोपे पडते, त्यामुळे द्रावणात पुरेसे तांबे आहे आणि प्रवाह बेताचा आहे तोवर ऋणाग्रावर बुडबुडे दिसत नाहीत. घोळ सुरू होतो तो धनाग्रापाशी.

सल्फेट आयन धनाग्राकडे सरकतो हे खरे आहे, पण सरकणे वेगळे आणि तिथे पोचून इलेक्ट्रॉन सोडणे वेगळे. धनाग्राला फक्त इलेक्ट्रॉन हवे असतात, आणि ते जो सर्वांत कमी ओढाताणीत देईल त्याच्याकडून तो घेतो. इथे देणारे तिघे असू शकतात: धनाग्र तांब्याचे असेल तर स्वतः तांबे, मग पाणी, आणि शेवटी सल्फेट. प्रमाण स्थितीतले आकडे पाहिले तर तांब्यासाठी 0.34 व्होल्ट, पाण्यासाठी 1.23 व्होल्ट आणि सल्फेटसाठी सुमारे 2 व्होल्ट लागतात. म्हणजे सल्फेटचा क्रमांक येण्याआधीच काम उरकलेले असते. सल्फेटने इलेक्ट्रॉन सोडलेच, तरी त्यातून वायू होत नाही, परऑक्सोडायसल्फेट हा द्रावणातच राहणारा आयन होतो. कारखान्यात तो मुद्दाम बनवतात, पण त्यासाठी सल्फेटचे तीव्र द्रावण, प्लॅटिनमचे धनाग्र आणि मोठा प्रवाह अशी सगळी तयारी करावी लागते. शाळेच्या चंचुपात्रात तो प्रसंग येत नाही.

हा गैरसमज हवेतून आलेला नाही. जुन्या पाठ्यपुस्तकांत असे लिहिलेले असे की सल्फेट धनाग्रावर विद्युतभार सोडते आणि मग लगेच तांब्याशी जोडले जाऊन पुन्हा मोरचूद बनवते, किंवा पाण्याशी जोडले जाऊन गंधकाम्ल आणि ऑक्सिजन देते. हिशेब त्यात बरोबर जुळतो, म्हणूनच ते इतकी वर्षे टिकले. चुकीची होती ती मधली पायरी, आणि नेमकी तीच लोकांच्या लक्षात राहिली.

आता निळ्या रंगाचे पाहू. तो जातो की राहतो, हे धनाग्र कशाचे आहे यावर ठरते, आणि धनाग्राचे नावच न घेता केलेले कोणतेही विधान इथे अपुरे आहे. 100 मिलिलिटर पाण्यात 2.5 ग्रॅम मोरचूद विरघळवा. त्यात सुमारे 0.64 ग्रॅम तांबे असते. दोन स्वच्छ, वजन केलेल्या तांब्याच्या पट्ट्या बुडवा आणि 0.5 अँपिअरचा प्रवाह 30 मिनिटे चालू ठेवा. एकूण 900 कूलोम भार वाहतो. तांब्याच्या एका आयनाला दोन इलेक्ट्रॉन लागतात हे धरून हिशेब केला, तर ऋणाग्राचे वजन जवळजवळ 0.30 ग्रॅमने वाढायला हवे. तेवढेच तांबे धनाग्रातून विरघळून द्रावणात येते. द्रावणात तांबे जेवढे होते तेवढेच राहते आणि रंगही तसाच राहतो. पात्र न हलवता उजेडासमोर धरले तर धनाग्रापासून गडद निळी धार खाली उतरताना दिसते आणि ऋणाग्रालगतचे फिकट पाणी वर चढते. आमच्याकडे मुले वजनापेक्षा हेच जास्त वेळ पाहत बसतात, आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही. वजन करताना धनाग्राची घट बऱ्याचदा थोडी जास्त भरते, कारण त्यावरून बारीक कण सुटून तळाशी पडतात.

तेच द्रावण, तोच प्रवाह, पण धनाग्र टॉर्चच्या जुन्या सेलमधल्या कार्बनकांडीचे घ्या. कार्बन तांब्यासारखा विरघळत नाही, म्हणून इलेक्ट्रॉन देण्याची पाळी पाण्यावर येते:

2H₂O → O₂ + 4H⁺ + 4e⁻

अर्ध्या तासात ऋणाग्रावर तांबे पूर्वीइतकेच, म्हणजे 0.30 ग्रॅम बसते, पण त्याची भरपाई होत नाही. द्रावणातले जवळजवळ निम्मे तांबे गेलेले असते आणि रंग स्पष्ट फिका पडतो. धनाग्रापाशी हिशेबाने सुमारे 57 मिलिलिटर ऑक्सिजन सुटायला हवा. तो परीक्षानळीत धरून निखारा असलेली उदबत्ती आत नेली तर ती भडकते. सल्फेट मात्र सगळेच्या सगळे द्रावणात शिल्लक असते. गेलेल्या तांब्याच्या जागी हायड्रोजनचे आयन आल्यामुळे उरते ते विरल गंधकाम्ल, आणि सामू चारच्या आसपास असतो तो एकच्या जवळ येतो. रंग जातो तो तांबे गेल्यामुळे. सल्फेटला मुळात रंगच नाही.

असाच प्रवाह चालू ठेवला तर साधारण 64 मिनिटांत सगळे तांबे निघायला हवे, पण प्रत्यक्षात तसे होत नाही. तांबे विरळ झाले की ऋणाग्रावरही बुडबुडे येऊ लागतात. तो हायड्रोजन असतो. त्याच वेळी गुलाबी थराऐवजी काळपट, बोटाला लागणारी भुकटी बसू लागते. प्रवाह सुरुवातीपासून फार मोठा ठेवला तरी हेच होते. भुकटी दिसली की वजनाचा हिशेब सोडून द्यावा, कारण धुतानाच ती निघून जाते.

धनाग्रावर काय घडते आहे हे व्होल्टमीटरवरूनही कळते. तांब्याच्या शुद्धीकरणात धनाग्र अशुद्ध तांब्याचेच असते आणि एका टाकीला सुमारे 0.3 व्होल्ट पुरतात, कारण एका पट्टीवरचे तांबे दुसऱ्या पट्टीवर नेण्यापलीकडे काही करायचे नसते. खनिजातून आम्लाने काढलेल्या द्रावणातून तांबे मिळवताना धनाग्र शिशाच्या मिश्रधातूचे असते, तिथे ऑक्सिजन सुटतो आणि सुमारे 2 व्होल्ट लागतात. त्या बुडबुड्यांबरोबर आम्लाचे तुषार हवेत उडतात, म्हणून टाकीवर प्लॅस्टिकचे छोटे गोळे तरंगत ठेवण्याची पद्धत आहे.

राहिला मिठाचा सल्ला. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून काहीतरी घालावे लागते हे बरोबर आहे, पण मीठ नको. ऋणाग्रावर हायड्रोजन मिळतो, मात्र धनाग्रावर क्लोराइड आयन क्लोरीन देऊ लागतो. मीठ अगदी कमी असेल तर ऑक्सिजन आणि क्लोरीन यांचे मिश्रण येते. मिठाचे प्रमाण वाढवावे तसा क्लोरीनचा वाटा वाढतो. हे ओळखायला उपकरण लागत नाही. ब्लीचिंग पावडरसारखा वास येतो आणि ओला लिटमस कागद रंग गमावतो. क्लोरीन पाण्यात बराच विरघळत असल्याने धनाग्राकडचा वायू अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी भरतो आणि हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे 2:1 हे प्रमाण काही केल्या जमत नाही. खोली बंद ठेवून हा प्रयोग करू नये. खाण्याचा सोडा घातला तर आणखी वेगळाच गोंधळ होतो: धनाग्राशी तयार होणारे आम्ल त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडवते. विरल गंधकाम्लाचे काही थेंब किंवा सोडियम सल्फेट घातले तर ही अडचण येत नाही, कारण सल्फेट इथेही धनाग्राकडे सरकते आणि इलेक्ट्रॉन न देताच राहते.

एवढे करूनही प्रमाण दोनास एक न भरता ऑक्सिजन कमी दिसला, तर धनाग्र पाहावे. लोखंडी टाचणी असेल तर ती स्वतःच झिजते आणि पाण्यात तपकिरी गाळ येतो. कार्बनकांडी असेल तर तिचाही थोडा भाग ऑक्सिजन खातो आणि तळाशी काळी पूड साचते. प्लॅटिनमच्या पत्र्यावर हा तोटा होत नाही. तिथे उरते ती एवढीच किरकोळ तूट की ऑक्सिजन पाण्यात हायड्रोजनपेक्षा थोडा जास्त विरघळतो. म्हणून नळ्या लावण्याआधी काही मिनिटे प्रवाह चालू ठेवून पाणी दोन्ही वायूंनी भरून घ्यावे.