स्ट्रिपवर ऑगस्ट, बिलावर नोव्हेंबर: दुकानातर्फे उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (★☆☆☆☆): "१० जूनला बीपीच्या तीन महिन्यांच्या गोळ्या घेतल्या, रोज एक. घरी येऊन बघतो तर नऊच्या नऊ स्ट्रिपवर ऑगस्टची एक्सपायरी! बिलावर मात्र नोव्हेंबर छापलंय. आधीच्या १५ गोळ्या घरात आहेत, त्या संपवून या कधी संपणार? बदलून मागितल्या तर 'एक्सपायर कुठे झाल्यात अजून' म्हणून परत पाठवलं. जुना माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा धंदा आहे."

दुकानाच्या मालकांचं उत्तर:

नमस्कार. काउंटरवर तुम्हाला जे उत्तर मिळालं ते चुकीचं होतं, त्याबद्दल मनापासून माफी मागते. गोळी विकताना एक्सपायर झालेली नाही एवढं पुरत नाही. शेवटची गोळी पोटात जाईल त्या दिवशीही ती तारखेत असायला हवी. हे आम्हीच बघायला हवं होतं.

आधी तुमच्या गोळ्यांचं सांगते, म्हणजे आजच्या आज गोंधळ राहणार नाही. स्ट्रिपवर फक्त महिना आणि वर्ष छापलेलं असेल तर औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. म्हणजे तुमची ऑगस्टची गोळी ३१ ऑगस्टपर्यंत चालेल. घरातल्या १५ गोळ्या २४ जूनला संपतात. २५ जूनपासून नवीन सुरू केल्या की जूनमध्ये ६, जुलैत ३१ आणि ऑगस्टमध्ये ३१ अशा ६८ गोळ्या तारखेत जातात. उरलेल्या २२ सप्टेंबरमध्ये जातील, आणि त्या घेऊ नयेत. पहिल्या सहा स्ट्रिप २३ ऑगस्टला संपतात, त्या निर्धास्त वापरा. शेवटच्या तीन आम्ही बदलून देतो. नऊच्या नऊ बदलून हव्या असतील तरी चालेल, बिल नसलं तरी चालेल. फक्त तोवर गोळी चुकवू नका. तारीख जवळची आहे म्हणून बीपीची गोळी मध्येच बंद करणं जास्त धोक्याचं आहे.

आता हे घडलं कसं. अभिप्राय वाचल्यावर मी त्या औषधाचा कप्पा पूर्ण रिकामा करून एकेक स्ट्रिप हातात घेऊन पाहिली. आत ३१ स्ट्रिप निघाल्या, सगळ्या ऑगस्टच्या. कॉम्प्युटरवरही ३१ च दिसत होत्या, पण सगळ्या नोव्हेंबरच्या. नग जुळत होते, तारीख जुळत नव्हती. महिन्याची मोजणी आम्ही नगावर करत होतो, त्यामुळे ही चूक कधी वर आलीच नाही.

खरेदीची बिलं काढून मागोवा घेतला. मार्चमध्ये आमच्याकडे नोव्हेंबर एक्सपायरीच्या ४५ स्ट्रिप शिल्लक होत्या. तेव्हा आणखी ४० आल्या, त्या ऑगस्टच्या. उशिरा आलेल्या मालाची तारीख आधीची, हे पुष्कळदा होतं. डिस्ट्रीब्युटरच्या गोदामातून कोणता खोका उचलला जाईल ते आपल्या हातात नसतं. आमच्या मुलांना सवय एकच: नवीन आलेला माल मागे, जुना पुढे. आधी आलेलं आधी विकायचं, याला दुकानदारीत फिफो म्हणतात. वह्या, पेनं असल्या मालाला ते चालतं. औषधाला आणि खाण्याच्या जिनसांना चालत नाही. तिथे ज्याची तारीख आधी संपते ते आधी बाहेर काढायचं असतं, त्याला फेफो म्हणतात. आमच्या कप्प्यात ऑगस्टचा माल मागे गेला आणि पुढून नोव्हेंबरचा विकला जाऊ लागला.

कॉम्प्युटर मात्र फेफोनेच चालत होता. आमच्या बिलिंग प्रोग्रॅममध्ये औषधाचं नाव टाकलं की जवळच्या तारखेची बॅच आपोआप येते आणि तीच वजा होते. त्यामुळे हाताने नोव्हेंबरची स्ट्रिप दिली जायची आणि नोंदीतून ऑगस्टची कमी व्हायची. १० जूनपर्यंत ४५ स्ट्रिप विकल्या गेल्या होत्या. नोंदीत ऑगस्टच्या ४० कधीच संपल्या होत्या आणि नोव्हेंबरच्या ४० शिल्लक होत्या. कप्प्यात बरोबर उलटं: नोव्हेंबरची एकही नाही, ऑगस्टच्या ४०. तुम्ही आलात तेव्हा बिलावर नोव्हेंबर छापलं गेलं आणि पिशवीत ऑगस्ट पडला.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते पुढचं. दर महिन्याच्या एक तारखेला आम्ही 'तीन महिन्यांत एक्सपायर होणारा माल' ही यादी काढतो आणि त्यावर विसंबून राहतो. एक जूनच्या यादीत हे औषध नव्हतंच, कारण नोंदीनुसार ऑगस्टची बॅच संपलेली होती. ज्या मालावर नजर ठेवायची तोच यादीतून गायब. तुम्ही स्ट्रिप आणि बिल शेजारी ठेवून वाचलं नसतं तर ही गोष्ट आम्हाला सप्टेंबरमध्ये कळली असती, आणि तोवर त्या स्ट्रिप किती घरांत गेल्या असत्या कोण जाणे.

जाणूनबुजून जुना माल दिला असा तुमचा आरोप आहे, तेवढा मात्र मला मान्य नाही. पण मुद्दाम केलं नाही म्हणून तुमच्या हातात पडलेल्या स्ट्रिपची तारीख बदलत नाही, हेही समजतं.

कामाची पद्धत बदलली आहे. माल आला की लावणारा आता कधी आला हे बघत नाही. कप्प्यात आधीपासून असलेल्या स्ट्रिपची तारीख वाचतो, नवीन मालाची वाचतो आणि ज्याची आधीची ती पुढे ठेवतो. दोन बॅचच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा उभा राहतो आणि त्यावर दोन्ही तारखा ठळक लिहिलेल्या असतात. बिल करताना बॅच कॉम्प्युटरने सुचवलेली तशीच पुढे जाऊ द्यायची नाही. स्ट्रिप उलटी करून त्यावरच्या बॅच नंबरची शेवटची चार अक्षरं वाचायची, पडद्याशी जुळली तरच बिल. बॅच जुळत नसेल तर तिथेच थांबून कप्पा तपासायचा. यात प्रत्येक गिऱ्हाइकामागे थोडा वेळ जातो आणि संध्याकाळच्या गर्दीत तो जाणवतो, पण दुसरा खात्रीचा मार्ग मला दिसत नाही. स्कॅनर लावला असता तरी सुटलं नसतं, कारण साध्या उभ्या रेघांच्या बारकोडमध्ये सहसा फक्त वस्तूची ओळख असते, तारीख नसते. चौकोनी ठिपक्यांच्या कोडमध्ये तारीख आणि बॅच भरता येते, पण तसा कोड प्रत्येक स्ट्रिपवर असतोच असं नाही.

स्ट्रिप कापायचीही रीत ठरवली आहे. तारीख आणि बॅच बहुतेक वेळा स्ट्रिपच्या एकाच टोकाला उमटवलेली असते. सुट्या गोळ्या द्यायच्या तर दुसऱ्या टोकाकडून कापायच्या, म्हणजे दुकानात उरलेल्या तुकड्याला तारीख राहते. गिऱ्हाइकाच्या तुकड्यावर ती नसते, म्हणून पाकिटावर हाताने लिहून द्यायची. तारीख न दिसणारा तुकडा कप्प्यात सापडला तर तो विकायचा नाही.

आणि जो प्रश्न तुम्ही विचारलात तो आता काउंटरवरून आम्ही विचारतो: किती दिवसांच्या हव्यात, आणि घरात किती शिल्लक आहेत? घरातले दिवस अधिक नवीन दिवस, आणि त्या दिवसापर्यंत स्ट्रिप तारखेत हवी. डोळे मिटून फेफो पाळलं तर पुढची स्ट्रिप सगळ्यांनाच जाईल, तीन महिन्यांचं औषध नेणाऱ्यालाही. म्हणून त्याला मागची दूरच्या तारखेची द्यायची आणि पुढची महिनाभराचं नेणाऱ्यासाठी ठेवायची. आमच्याकडे पुढच्या रांगेतून काढा हाच नियम पाठ होता, आणि तुमच्या वेळी मागे दुसरी तारीख नव्हतीच. तशी वेळ आली तर आता सरळ सांगायचं की सध्या दोन महिन्यांच्याच न्या, उरलेल्या दूरच्या तारखेच्या मागवून देतो.

उरलेल्या ३१ स्ट्रिपचं काय केलं तेही सांगते. महिन्याला हे औषध साधारण १५ स्ट्रिप जातं, पण त्यातलं बरंचसं तीन-तीन महिन्यांचं नेणारे नेतात. फक्त महिनाभराचं नेणारे दोघे आहेत, त्यांना प्रत्येकी ३ स्ट्रिप लागतात आणि ते महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतात. जुलैत ते येतील तेव्हा त्यांच्या गोळ्या ऑगस्टच्या सुरुवातीलाच संपतील, म्हणून ६ स्ट्रिप ठेवल्या आणि त्यांना तारीख दाखवूनच देणार. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा दिल्या तर हिशोब सप्टेंबरमध्ये घुसतो, म्हणून त्यापलीकडे एकही नाही. बाकीच्या २५ त्याच दिवशी कप्प्यातून काढल्या, 'विक्रीसाठी नाही' लिहिलेल्या बंद खोक्यात ठेवल्या आणि नोंदीतही वेगळ्या केल्या. डिस्ट्रीब्युटरने परत घेतल्या तर ठीक, नाही घेतल्या तर नुकसान आमचं. सूट देऊन त्या काढून टाका असं एकाने सुचवलं. मी ते करणार नाही, कारण स्वस्त मिळतंय म्हणून माणूस जास्त नेतो, आणि जवळच्या तारखेचं औषध जास्त नेणं म्हणजे पुन्हा तोच घोटाळा.

तुम्ही परत आणाल त्या स्ट्रिप पुन्हा विक्रीला लागणार नाहीत. औषध एकदा दुकानाबाहेर गेलं की ते कुठे ठेवलं होतं, उन्हात की गाडीत, हे आम्हाला कळत नाही. त्या बाद मालात जातील.

बिलावर बॅच नोंदलेली असते, पण आमची नोंदच उलटी झाल्यामुळे ऑगस्टच्या बॅचच्या आणखी काही स्ट्रिप कुणाकडे गेल्यात का हे कॉम्प्युटर सांगू शकत नाही. मोजणीवरून तुमच्या ९ आणि कप्प्यातल्या ३१ मिळून ४० भरतात, म्हणजे बाकी कुणाकडे गेल्या नसाव्यात. तरी मार्चपासून हे औषध नेलेल्या सगळ्यांना आम्ही फोन करून स्ट्रिपवरची तारीख वाचायला सांगतोय. इथे वाचणाऱ्यांपैकी कुणी नेलं असेल तर फोनची वाट न बघता स्ट्रिप पाहा आणि घेऊन या.

तुमच्या तीन स्ट्रिप पुढच्या वर्षीच्या तारखेच्या काढून, त्यावर तारीख लिहून काउंटरवर ठेवल्या आहेत. यायला जमत नसेल तर सांगा, मी स्वतः घरी आणून देते.